श्वासाची वाट आणि चष्म्याची काच

माझा धाकटा भाऊ नाशिकहून सिन्नरच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातो. सातला हजेरी, म्हणून सव्वासहाला घर सोडायचं. डिसेंबर-जानेवारीत या वेळी थंडी दहा अंशांच्या आसपास असते. मोटरसायकल, तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट, नाकातोंडावर घट्ट बांधलेला रुमाल आणि उणे साडेपाच नंबरचा चष्मा. गेल्या हिवाळ्यात शिंदे-पळश्याच्या पुढे त्याला रोज एकदा तरी गाडी बाजूला घ्यावी लागायची, कारण चष्म्यावर वाफ धरून समोरचा ट्रक म्हणजे नुसता लाल दिव्याचा डाग उरायचा. एके दिवशी तो म्हणाला, "ताई, नवीन काचा टाकल्यापासून तर जास्तच होतंय. आणि काचा चांगल्या महागातल्या आहेत. पाणी ठरतच नाही त्यांच्यावर."

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. त्याच्या या शेवटच्या वाक्यापाशी मी थबकले. पाणी न ठरणारी काच वाफेला जास्त बळी का पडते, हे समजलं की चष्म्यावरच्या वाफेचं जवळजवळ सगळं गणित उलगडतं. पण ते समजण्याआधी वाफ येते कुठून आणि कधी, हे पाहायला हवं.

गच्चीवरची हजार लिटरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. ती पाण्याऐवजी हवेने भरलेली आहे असं समजा. हवा दहा अंशांवर असेल तर तिच्यात जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. त्याहून जास्त झालं की ते थेंब होऊन बाहेर पडतं. पंधरा अंशांच्या हवेत जवळपास तेरा ग्रॅम मावतं, आणि चौतीस अंशांच्या हवेत तब्बल सदतीस. आपण नाकातोंडातून सोडतो तो श्वास साधारण चौतीस अंशांचा असतो आणि पाण्याने जवळपास काठोकाठ भरलेला असतो. शांत बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटर हवा सोडतो, मिनिटाला पंधरा वेळा. हिशोब केला तर मिनिटाला पाव ग्रॅमच्या आसपास पाणी, म्हणजे औषधाच्या ड्रॉपरचे चार-पाच थेंब, आपल्या चेहऱ्यापुढे सतत सोडले जात असतात. उघड्यावर ते वाऱ्यात विरून जातं. हेल्मेटच्या आत किंवा मास्कच्या मागे ते अडकतं.

आता भावाच्या हेल्मेटमधलं चित्र पाहू. बाहेरची हवा दहा अंशांची, पहाटेची दमट, म्हणजे टाकीमागे साडेसात ग्रॅम पाणी असलेली. चष्म्याची काच बाहेरच्या हवेहून जरा उबदार, पंधरा अंशांच्या आसपास धरू. हेल्मेटच्या आत काचेसमोर जी हवा असते ती शुद्ध श्वासही नसते आणि शुद्ध बाहेरची हवाही नसते. दोन्हींचं मिश्रण असतं. समजा एक भाग श्वास आणि तीन भाग बाहेरची हवा असं ते मिश्रण आहे. त्यात टाकीमागे पंधरा ग्रॅम पाणी येतं. पंधरा अंशांच्या काचेला टेकणारी हवा तेराच ग्रॅम धरू शकते. उरलेलं पाणी काचेवर उतरतं, तीच वाफ. आता हेल्मेटची हवेची भोकं नीट उघडी ठेवून मिश्रण एक भाग श्वास आणि नऊ भाग बाहेरची हवा इतकं पातळ केलं, तर पाणी साडेदहा ग्रॅमवर येतं. काच तीच, थंडी तीच, आणि चष्मा स्वच्छ. शाळेच्या भूगोलात आपण दवबिंदू शिकतो. गवतावर पडणारं दव आणि चष्म्यावरची वाफ यांच्यात फरक एवढाच, की इथे दमट हवा आपणच तयार करतो आणि तिची वाटही आपल्याच हातात असते.

आणि पहिलं काम याच वाटेचं आहे. काचेवर काही लावण्याआधी श्वास कुठून जातोय ते पाहा, असं मी आग्रहाने सांगेन. माझ्या पाहण्यात बहुतेक लोक उलटं करतात. आधी फवारा विकत आणतात, मग मास्क किंवा रुमाल तसाच ढिला ठेवून फवाऱ्याला नावं ठेवतात.

भावाच्या बाबतीत पहिला दोषी होता रुमाल. नाकाने सोडलेला श्वास मुळात खाली जातो, कारण नाकपुड्या खाली उघडतात. थंडीच्या सकाळी आरशासमोर उभं राहून पाहा, नाकाची वाफ छातीकडे जाताना दिसेल. नाकावरून घट्ट रुमाल बांधला की ही खालची वाट बंद होते. दोन-चार किलोमीटरमध्ये रुमाल श्वासाने ओला होतो, ओल्या कापडातून हवा सहज पार होत नाही, आणि मग ती सर्वांत सोपी फट शोधते. ती फट असते नाकाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याखाली. म्हणजे नेमकी चष्म्याच्या काचेच्या खालच्या कडेला. भावाच्या चष्म्यावर वाफ नेहमी नाकाजवळून सुरू होऊन बाहेर पसरायची. त्यावरूनच वाट कळत होती. पुण्या-नाशिकच्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, तिथेही हेच होतं. धूळ टाळायची म्हणून कापड हवंच असेल, तर ते नाकाच्या शेंड्यावरून आडवं ओढून बांधण्यापेक्षा हनुवटीपाशी सैल ठेवावं, म्हणजे श्वासाला खाली जायला जागा राहते. भावाने रुमाल काढून गळ्यापुरती कानटोपीसारखी ओढायची सैल पट्टी वापरायला सुरुवात केली.

दुसरा बदल हेल्मेटच्या आतला. पूर्ण तोंड झाकणाऱ्या बऱ्याच हेल्मेटमध्ये नाकासमोर बसणारी रबराची किंवा मऊ प्लास्टिकची एक लहान झडप मिळते. तिचं काम श्वास काचेकडे जाऊ न देता खाली वळवणं. दुकानातून आणल्यावर ती डब्यातच राहते, किंवा नाकाला टोचते म्हणून पहिल्या दिवशी काढून टाकली जाते. भावाचीही कपाटात सापडली. ती बसवली, हनुवटीसमोरचं भोक उघडलं, डोक्यावरचं मागचं भोकही उघडलं. पुढून हवा आत यायची तर मागून बाहेर जायला जागा हवीच. फक्त पुढचं उघडं ठेवून मागचं बंद ठेवणारे लोक मी खूप पाहिलेत. गाडी धावत असताना ही व्यवस्था चांगली चालते. अडचण येते सिग्नलला. गाडी थांबली की वारा थांबतो, चार-पाच श्वासांत हेल्मेटमधली हवा भरून जाते. म्हणून थांबल्याबरोबर पुढची काच एक खटका वर करायची, निघाल्यावर खाली. आणि श्वास नाकाने सोडायचा. तोंडाने सोडलेला श्वास सरळ पुढे जाऊन हेल्मेटच्या काचेवर आपटतो आणि तिथून वर डोळ्यांकडे वळतो.

इथे एक गैरसमज सांगायला हवा. हेल्मेटच्या काचेला आतून लावायची एक पातळ जादा काच मिळते. पिनलॉक या नावाने ती बहुतेकांना माहीत आहे. दोन काचांच्या मध्ये सिलिकॉनच्या कडेने बंद केलेली हवेची पोकळी राहते, त्यामुळे आतली काच थंड पडत नाही. शिवाय ती थोडं पाणी शोषूनही घेते. वस्तू फार चांगली आहे, मात्र तुमच्या हेल्मेटच्या काचेवर तिच्यासाठीच्या दोन खुंट्या असायला हव्यात. दोन काचांच्या मध्येच वाफ दिसू लागली तर समजायचं की सिलिकॉनची कड कुठेतरी टेकत नाही. खुंट्या फिरवून ती पुन्हा घट्ट बसवता येते. पण ही सगळी राखण हेल्मेटच्या काचेची झाली. चष्म्याच्या काचेला पिनलॉकचा थेट काहीच उपयोग नाही. उलट काही जण हेल्मेटची काच आता स्वच्छ राहते म्हणून भोकं बंद करून घेतात, आणि चष्म्यावर पूर्वीपेक्षा जास्त वाफ धरते.

मास्कचं गणित हेल्मेटपेक्षा सोपं आहे आणि जास्त नेमकंही. माझी भावजय परिचारिका आहे. 2020च्या त्या काळात सहा-सहा तास मास्क आणि वर संरक्षक चष्मा घालून तिने काम केलंय. मास्कची तार कशी बसवायची हे तिने मला एकदा स्वयंपाकघरात उभं राहून दाखवलं. आपण सगळे एका हाताने, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत तार दाबतो. त्याने नाकाच्या हाडावर टोक येतं आणि दोन्ही बाजूंना तंबूसारखी पोकळी राहते, तीच श्वासाची वाट. तिने दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी, नाकाच्या मधल्या हाडापासून सुरुवात करून तार बाहेर गालांकडे हळूहळू दाबत नेली, जणू कडेने करंजी बंद करतेय. मग दोन्ही तळवे मास्कच्या वरच्या कडेजवळ धरून जोरात फुंकर मारली. डोळ्यांच्या बाजूला गार झुळूक लागली तर तार पुन्हा बसवायची. झुळूक लागली नाही तर चष्मा घालायचा, आणि तो मास्कच्या कडेच्या वर बसवायचा, म्हणजे चष्म्याच्या वजनानेही कापड दाबलं जातं.

शस्त्रक्रियागृहात याच्या पुढची एक पायरी असते. कागदी वैद्यकीय चिकटपट्टी, जिला सगळे मायक्रोपोर म्हणतात, मास्कच्या वरच्या कडेवर आडवी लावायची. अर्धी मास्कवर, अर्धी नाकावर आणि गालांवर. तासन्‌तास वाकून काम करायचं असेल तर याला तोड नाही. घरच्या वापराला, बसमध्ये किंवा धुळीच्या कामात, कागदी रुमालाची घडी करून मास्कच्या आत वरच्या कडेला ठेवली तरी चालतं. ती फट बुजवते आणि थोडी वाफही शोषते. घडी ओली झाली की बदलायची. यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चष्म्यावर वाफ येते याचा अर्थ मास्क वरून गळतोय. म्हणजे जंतू किंवा धूळ यांच्यापासून तो तेवढं संरक्षणही देत नाही. मात्र उलट खरं नाही. वाफ येत नाही म्हणून मास्क सगळीकडून घट्ट आहे असं समजू नये, तो हनुवटीखालून गळत असू शकतो.

श्वासाची वाट लावूनही थोडी वाफ उरतेच. इथे चष्म्याची बसणी आणि काचेचा पृष्ठभाग या दोन गोष्टी येतात.

बसणी म्हणजे काच डोळ्यापासून किती अंतरावर आहे. साधारणपणे हे अंतर बारा ते चौदा मिलिमीटर असतं. काच गालाला किंवा पापण्यांना टेकत असेल तर तिच्यामागे हवा खेळत नाही. डोळ्यांचा ओलावा आणि कपाळाचा घाम यांची भर पडते आणि वाफ बाहेरच पडत नाही. हेल्मेटमध्ये तर ही अडचण वाढते. गालाच्या गाद्या चष्म्याच्या काड्या दाबतात, फ्रेम मागे ढकलली जाते, आणि घरी नीट बसणारा चष्मा हेल्मेटमध्ये चेहऱ्याला चिकटतो. धातूच्या फ्रेमला नाकावरच्या तारांवर बसवलेल्या लहान गाद्या असतात. त्या चष्मेवाल्याकडून थोड्या आत वळवून घेतल्या की काच एक-दोन मिलिमीटर पुढे येते. एवढ्या फटीतून हवा वाहू लागते. प्लास्टिकच्या फ्रेममध्ये नाकाचा भाग घडवलेला असतो, तो असा हलवता येत नाही. म्हणून रोज हेल्मेट घालणाऱ्याने धातूची, हलवता येणाऱ्या गाद्यांची आणि सरळ, पातळ काड्यांची फ्रेम घ्यावी असं माझं मत आहे. जाड, कानामागे जास्त वळलेल्या काड्या हेल्मेट घातल्यावर आत सरकवताना अडतात आणि फ्रेम तिरकी बसते.

मात्र चष्मा नाकाच्या शेंड्यावर सरकवून वाफ टाळणं हा उपाय नाही. मोठ्या नंबरात त्याचा फटका बसतो. उणे आठ नंबरची काच नेहमीच्या जागेपासून चार मिलिमीटर पुढे आली तर डोळ्याला पाव नंबरने कमी पडते. रात्री गाडी चालवताना पाव नंबर कमी पडलेला जाणवतो. आणि दूर-जवळ एकत्र असलेल्या प्रोग्रेसिव्ह काचेत तर बघायची जागाच बदलून जाते.

आता भावाच्या त्या महागड्या काचांकडे येऊ.

वाफ म्हणजे काचेवर साचलेलं पाणी हे खरं, पण ते दिसू देत नाही ते पाणी आहे म्हणून नाही. पाणी तर पारदर्शकच असतं. काचेचा पेला पाण्याने भरला तरी पलीकडची खिडकी दिसते. वाफेत दृष्टी आडवते ती पाण्याचा आकार. काचेवर हजारो बारीक थेंब बसतात, प्रत्येक थेंब छोट्या भिंगासारखा प्रकाश वेगळीकडे वळवतो, आणि समोरचं चित्र पांढुरकं होऊन जातं. तेवढंच पाणी काचेवर सपाट, एकसारख्या पातळ थरात पसरलं असतं तर आपल्याला ते कळलंही नसतं.

चष्म्याच्या आजच्या बऱ्याच काचांवर अनेक थर दिलेले असतात, आणि सगळ्यांत वरचा थर पाणी आणि तेल झिडकारणारा असतो. बोटांचे ठसे लवकर पुसले जावेत, पावसाचे थेंब ओघळून जावेत यासाठी तो असतो. त्या कामात तो उत्तम आहे. पण ज्या पृष्ठभागाला पाणी नको असतं त्याच्यावर पाणी पसरत नाही. ते आकसून गोल थेंबच होतं. अळूच्या पानावर जसं. दुकानदाराने भावाला काचेवर पाण्याचे थेंब घरंगळवून दाखवले तेव्हा खरं तर वाफ कशी धरेल याचं प्रात्यक्षिकच दाखवलं होतं. वाफेसाठी हवा नेमका उलटा गुण. पाण्याला जवळ करणारा, त्याला पसरू देणारा पृष्ठभाग.

हे पटवायला मी घरी एक प्रयोग केला. जुन्या चष्म्याच्या एका काचेच्या उजव्या अर्ध्या भागावर भांड्यांच्या साबणाच्या पातळ द्रवाचा थेंब बोटाने पसरवला आणि मऊ सुती फडक्याने काच स्वच्छ दिसेपर्यंत हलकेच पुसला. डावा अर्धा भाग तसाच ठेवला. मग चष्मा गरम चहाच्या कपावर धरला. डावी बाजू क्षणात दुधाळ झाली. उजव्या बाजूवर पाणी तेवढंच जमत होतं, कपाच्या कडेवरची नक्षी मात्र तिच्यातून दिसत राहिली, जराशी लाटांसारखी हलत. साबणाचे रेणू एका टोकाने पाण्याला धरतात. त्यांच्या थरावर पाण्याचा ताण कमी होतो आणि थेंब बनायच्या आधीच ते पसरतं.

ही युक्ती वैद्यकीय जगात नोंदलेली आहे. 2011 साली इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात दोन डॉक्टरांनी अगदी एवढंच लिहिलं, की मास्क घालण्याआधी चष्मा साबणाच्या पाण्याने धुवा, जादा पाणी झटकून टाका आणि हवेत वाळू द्या. त्याच्या कितीतरी आधी अंतराळातही याची गरज पडली होती. 5 जून 1966 रोजी जेमिनी 9 ए या यानातून बाहेर पडून युजीन सर्नन हा अंतराळवीर दोन तासांहून अधिक काळ अवकाशात होता. श्रमाने त्याचा घाम आणि श्वास इतका वाढला, की पोशाखाची थंड करणारी यंत्रणा तो ओलावा ओढून घेऊ शकली नाही, आणि शिरस्त्राणाची काच आतून वाफेने भरली. आतून पुसायला हात पोचणं शक्य नव्हतं, म्हणून नाकाने घासून त्याने पाहण्यापुरती जागा केली. ठरवलेली एक मोठी चाचणी सोडून द्यावी लागली. पुढच्या मोहिमांमध्ये शिरस्त्राणाच्या काचेला वाफरोधक द्रव लावला जाऊ लागला, आणि त्याचाही मुख्य घटक साबणासारखाच पसरवणारा होता.

घरी करायचं झालं तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी चष्मा नळाखाली धरून धूळ वाहू द्या. आपल्याकडच्या रस्त्यावरची धूळ म्हणजे बारीक खडीच असते, कोरडी पुसली की काच ओरखडते. मग भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटांवर घेऊन दोन्ही काचा दोन्ही बाजूंनी चोळा, नाकाजवळच्या कोपऱ्यात विशेष. भांड्यांची वडी वापरू नका, तिच्यात घासण्यासाठी भुकटी घातलेली असू शकते. जादा फेस झटका, पाण्याखाली ओझरतं धरा, आणि वाळू द्या किंवा मऊ फडक्याने टिपून घ्या. पाणी कोमट चालेल, कढत नको. कढत पाण्याने आणि उन्हात तापलेल्या डिकीत ठेवल्याने काचेवरचे थर तडकतात आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसू लागतात, त्या मग कधीच जात नाहीत. काचेवर इंद्रधनुष्यी छटा किंवा धूसरपणा दिसला तर साबण जास्त झालाय असं समजून पुन्हा थोडं धुवायचं.

हा उपाय टिकतो काही तास. जमणारं पाणी साबणाला हळूहळू विरघळवत नेतं. पाणी झिडकारणाऱ्या थरावर तर साबणही ठिपक्या-ठिपक्यांत आकसतो आणि लवकर निघून जातो. म्हणूनच भावाच्या नव्या काचांवर तो सिन्नरपर्यंत जेमतेम पुरायचा, जुन्या साध्या काचांवर परतीच्या वेळीही थोडा उरलेला असायचा. पावसात साबण लावू नये, ओघळून डोळ्यांत जातो आणि गाडी चालवताना डोळे चुरचुरणं वाफेइतकंच वाईट. टूथपेस्ट लावायचा सल्ला भावाला कामावर मिळाला होता. तो अजिबात मानू नये. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते. एकदा ओरखडा आला की त्यातच आधी वाफ धरते.

बाजारातले वाफरोधक फवारे आणि फडकी साबणाच्याच तत्त्वावर चालतात, फक्त जास्त टिकतात. पण त्यांतल्या रसायनांकडे डोळेझाक करू नये. 2022 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारातले चार फवारे आणि पाच फडकी तपासली, आणि नऊच्या नऊ वस्तूंमध्ये फ्लोरिनयुक्त, सहज न विघटणारी रसायनं सापडली. रोज तोंडाजवळ फवारायची वस्तू म्हणून मी त्यांच्यापेक्षा साबण पसंत करते. वापरायचेच असतील तर चष्मा काढून, उघड्या खिडकीशी फवारा.

कायमचा म्हणता येईल असा उपाय काचेतच असतो. चष्म्याच्या काचांचे काही प्रकार असे मिळतात ज्यांच्यावर सर्वांत वर पाण्याला जवळ करणारा थर दिलेला असतो. काही प्रकारांत तो थर सोबतच्या खास द्रवाने किंवा खास फडक्याने पुन्हापुन्हा जागा करावा लागतो. त्याची वेळापत्रकं दुकानात नीट विचारून घ्या, कारण ते फडकं हरवलं की काच नेहमीसारखीच वागते. या थरालाही मर्यादा आहे. त्याने पसरवता येईल तेवढंच पाणी तो पसरवतो. रुमाल बांधून, भोकं बंद करून त्याच्यावर सतत श्वास सोडत राहिलं तर पाण्याचा थर जाड होतो, ओघळ दिसू लागतात आणि चित्र हलतं. कारखान्यातल्या आणि पोहण्याच्या गॉगलच्या आतल्या बाजूला असाच थर असतो. तो ओला असताना मऊ असतो आणि बोटाने पुसला तर कायमचा निघतो. गॉगल झटकायचा असतो, पुसायचा नसतो.

भावाने शेवटी काय केलं? झडप बसवली, भोकं उघडली, रुमाल सोडला. नाकावरच्या गाद्या हलवून घेतल्या. त्यासाठी तो हेल्मेट घेऊनच चष्मेवाल्याकडे गेला होता, आणि हेल्मेट घालून, चष्मा घालून, पुन्हा काढून असं दोनदा करून पाहिल्यावर काच नेमकी किती पुढे हवी ते ठरलं. थंडीच्या दोन महिन्यांत रोज रात्री तो चष्मा साबणाने धुऊन वाळत ठेवतो. आता शिंदे-पळश्याला गाडी थांबत नाही. दाट धुक्याच्या दिवशी मात्र अजूनही कधीतरी सिग्नलला वाफ धरते, कारण त्या दिवशी बाहेरची हवाच काठोकाठ भरलेली असते आणि मिश्रण पातळ करायला कोरडं काही उरत नाही. अशा दिवशी तो वीस मिनिटं आधी निघतो आणि हळू जातो.

रोज हेल्मेट घालणाऱ्यांनी पुढचा चष्मा करताना दोन गोष्टी कराव्यात. काचेचा सर्वांत वरचा थर पाणी झिडकारणारा आहे की पसरवणारा, हे विचारा. आणि हेल्मेट सोबत घेऊन जा.